फेस्टचं बजेट शेवटच्या दिवशी फुटतं? राखीव निधी असा ठेवा (माझा अनुभव)

पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या फेस्टची मी समितीप्रमुख. पहिल्या वर्षी कागदावर हिशोब जुळला होता, तरी शेवटी मांडववाल्याचे पैसे द्यायला तिजोरीत काही उरलं नाही. फार मनस्ताप झाला.

बिलं तपासली तेव्हा कारण दिसलं. साउंडवाल्याचं कोटेशन ६०,००० चं, बिल ७०,८०० चं, कारण १८ टक्के जीएसटी वेगळा होता. जनरेटरचं भाडं धरलं होतं, डिझेल नाही. शिवाय स्पॉन्सरने नुसतं ‘देतो’ म्हटलेली रक्कमही आम्ही जमेत धरली होती. उपाय म्हणून आधी प्रत्येक टीमच्या खर्चाला कात्री लावून पाहिली. पण त्यामुळे टीमप्रमुख पुढच्या वेळी आकडे फुगवूनच आणायला लागले.

पुढच्या वर्षी हा क्रम लावला आणि जमलं. आधी फक्त खात्यात आलेले पैसे मोजले: ४ लाख. त्यातून १० टक्के, म्हणजे ४०,०००, वाटपाआधीच बाजूला काढले. उरलेले ३ लाख ६० हजार टीमना वाटले, तेही जीएसटी, वाहतूक आणि डिझेल धरून लेखी कोटेशन आल्यावरच. राखीव रकमेला हात लावायचा तर खजिनदार आणि सर, दोघांची सही हवी. ‘सजावट अजून छान करू’ हे कारण चालणार नाही, हेही आधीच ठरवलं. कार्यक्रम लांबला तेव्हा वाढीव डिझेल यातूनच भागलं.

मोठा स्पॉन्सरच गळाला तर मात्र एवढी रक्कम पुरणार नाही. त्यासाठी कोणता कार्यक्रम आधी रद्द करायचा, ते सुरुवातीलाच लिहून ठेवा.