e^(−x²+3x) चं इंटिग्रेशन: या चुका टाळा

लातूर-नांदेडकडं बी.एस्सी.च्या वर्गात e^(−x²+3x) चं −∞ ते ∞ इंटिग्रेशन फळ्यावर मांडलं की निम्मी पोरं लगेच म्हणतात, "सर, पूर्ण वर्ग करायचा." पद्धत बरोबरच आहे. घोळ होतो तो दहावीच्या सवयीमुळं.

दहावीत आपण वर्गसमीकरण सोडवत होतो. −x² + 3x = 0 आलं की सगळ्या चिन्हांची अदलाबदल करून x² − 3x = 0 लिहायचं, मग दोन्ही बाजूंत 9/4 मिळवायचे. घातांकात मात्र दुसरी बाजूच नसते. तिथं चिन्ह बदललं की फलनच बदलतं. जे मिळवाल ते तिथल्या तिथंच वजाही करावं लागतं. म्हणून ऋण चिन्ह कंसाबाहेर काढून ठेवा आणि शेवटपर्यंत सांभाळा:

```
−x² + 3x = −(x² − 3x)
         = −[(x − 3/2)² − 9/4]
         = −(x − 3/2)² + 9/4
```

नेमकी चूक होते ती शेवटच्या ओळीत. बाहेरचं ऋण चिन्ह 9/4 पर्यंत पोचतच नाही आणि +9/4 ऐवजी −9/4 लिहिलं जातं. e^(9/4) स्थिरांक आहे, तो बाहेर काढा. u = x − 3/2 घेतलं की −∞ ते ∞ या सीमा तशाच राहतात, कारण अनंतातून दीड वजा केल्यानं काही बिघडत नाही. उरलेल्या e^(−u²) चं उत्तर √π. एकूण √π·e^(9/4), म्हणजे सुमारे १६.८२.

चिन्ह चुकलं तर उत्तर ०.१९ च्या आसपास येतं. हे चूक आहे हे वही न उलगडताही कळतं. x = 1 आणि x = 2 या दोन्ही ठिकाणी फलनाची किंमत e², म्हणजे जवळपास ७.३९ आहे आणि मधे ती त्याहून जास्तच आहे. एवढ्या एका पट्टीचंच क्षेत्रफळ सातच्या वर जातं, मग अख्ख्या रेषेचं ०.१९ कसं असेल?

दुसरी चूक जरा फसवी आहे. सीमा 0 ते ∞ असल्या की "निम्मं करा" म्हणून ८.४१ लिहून मोकळे होतात. निम्मं चालतं ते नुसत्या e^(−x²) ला, कारण त्याचा डोंगर शून्यावर असतो. इथं शिखर 3/2 वर सरकलंय. u ची खालची सीमा −3/2 होते, आणि उत्तर

```
(√π/2)·e^(9/4)·(1 + erf(3/2)) ≈ 16.53
```

इथं erf म्हणजे एरर फंक्शन आल्याशिवाय सुटका नाही, कारण e^(−u²) चं साध्या फलनांत प्रतिअवकलज मिळत नाही. ८.४१ ची परीक्षा मात्र हातानंही होते. 0 ते 1 आणि 2 ते 3 मधे फलन 1 च्या खाली जात नाही, मधल्या पट्टीचे ७.३९ धरले तर बेरीज आत्ताच ९.३९ च्या पुढं गेली.

x² ला सहगुणक असेल, समजा −2x² + 3x, तर आधी −2 बाहेर काढा. मग −2(x − 3/4)² + 9/8 मिळतं आणि उत्तर √(π/2)·e^(9/8). इथं π खालचा 2 विसरणारे पुष्कळ. आणि x² चा सहगुणक धन असेल तर वर्ग कितीही नेटका केला तरी −∞ ते ∞ इंटिग्रल अनंताकडंच जातं.