सहलीची कॉन्ट्री कशी गोळा करावी: माणशी रक्कम, शेवटची तारीख आणि पैसे परत देण्याच्या अटी

मित्रांच्या सहलीचे पैसे गोळा करायचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याच गळ्यात पडते आहे. या कामाबद्दल सल्ले भरपूर मिळतात. ‘आपलीच माणसं आहेत, होईल सगळं ऍडजस्ट’ हा त्यातला सर्वांत महागडा, कारण ऍडजस्ट होते ते नेहमी गोळा करणाऱ्याच्या खिशातून.

जागा ठरली आहे, तारीख ठरली आहे, ग्रुप तयार आहे आणि बारा जणांनी ‘येतो’ म्हटले आहे, असे मी धरून चालतो.

आधी खर्चाचे दोन ढीग करा

एका ढिगात माणसे कमी-जास्त झाली तरी न बदलणारा खर्च टाका. अख्खे घर भाड्याने घेतले असेल तर त्याचे भाडे, गाडी. दुसऱ्या ढिगात डोक्यामागे लागणारा खर्च: जेवण, तिकिटे. पुढची सगळी भांडणे या दोन ढिगांची सरमिसळ केल्याने होतात, म्हणून एवढे काम आधी कागदावर करा.

उदाहरण घेऊ. घराचे भाडे 48 हजार, गाडी 24 हजार. म्हणजे न बदलणारा खर्च 72 हजार. जेवणाचे माणशी दीड हजार.

माणशी रक्कम: बाराने भागू नका

बाराने भागले तर घर-गाडीचे 6 हजार आणि जेवणाचे दीड, असे साडेसात हजार होतात. आकडा गोंडस दिसतो आणि सगळे पटकन हो म्हणतात. मग दोघे गळतात, 72 हजार दहांत वाटले जातात आणि तुम्हाला प्रत्येकाकडे आणखी 1,200 मागायला जावे लागते. एकदा पैसे दिलेल्या माणसाकडे पुन्हा हात पसरणे यासारखे लाजिरवाणे काम नाही. ‘आधीच का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो रास्तही असतो.

म्हणून किती जण नक्की येतील याचा कंजूष अंदाज घ्या आणि त्यानेच भागा. बारा म्हणाले असतील तर मी दहा धरतो. 7,200 आणि दीड हजार मिळून 8,700 झाले, वर थोडी जास्तीची रक्कम धरून 9 हजार सांगायचे. बाराही जण आले तर एकूण 1 लाख 8 हजार जमतात, खर्च होतो 90 हजार, आणि परत येताना प्रत्येकाला दीड हजार देता येतात. दहाच आले तरी 90 हजार जमतात, खर्च 87 हजार. कुणाकडे पुन्हा मागायची वेळ येत नाही. शिल्लक परत करणाऱ्याला कोणी शिव्या देत नाही.

शेवटची तारीख घरमालकाच्या अटींवरून ठरते

‘पगार झाल्यावर देऊ’ ही तारीख नव्हे. आधी घरमालकाला विचारा की अख्खे बुकिंग रद्द केले तर कोणत्या तारखेपर्यंत सगळे पैसे परत मिळतील. तेच गाडीवाल्यालाही विचारा आणि दोन्हींतली आधीची तारीख धरा. समजा 24 तारखेला निघायचे आहे आणि 9 तारखेपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतात. मग आपली शेवटची तारीख 4. मधले पाच दिवस रेंगाळणाऱ्यांसाठी नाहीत, ते तुमच्या निर्णयासाठी आहेत. 4 तारखेच्या रात्री दहापेक्षा कमी जणांचे पैसे आलेले असतील, तर सहल रद्द करून सगळ्यांचे पैसे परत करायला अजून वाव असतो. हीच तारीख तुम्ही 12 ठेवली तर तो वाव गेला.

बुकिंगला आगाऊ रक्कम लागत असेल तर ती पदरमोड करून भरू नका. 24 हजार आगाऊ हवे असतील तर बारा जणांकडून दोन-दोन हजार दोन दिवसांत घ्या. जो दोन हजार द्यायला दोन दिवसांत तयार नाही तो येणार नाही, हे तेव्हाच कळते. अंगठे आणि नाचणारे चेहरे मी मोजत नाही. यादीत नाव चढते ते पैसे आल्यावरच.

पैसे परत देण्याच्या अटी: इथेच मी आपटलो होतो

एका सहलीला आम्ही चौदा जण होतो. मी चौदाने भागले, सगळ्यांनी वेळेवर पैसे दिले, आणि निघायच्या चार दिवस आधी तिघांनी टांग दिली. तिघांचीही कारणे खरी होती. त्यातला एक जण म्हणाला, ‘अरे, मी आलोच नाही तर माझे पैसे कसले? मालक तर परत देतो ना!’ माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण अटी मी लिहिल्याच नव्हत्या. भिडेपोटी तिघांचेही पैसे पूर्ण परत केले. उरलेल्या अकरांकडे पुन्हा मागायचे तोंड नव्हते. घराच्या भाड्यातली तूट मी भरली आणि सहलीचे फोटो बरेच दिवस उघडलेच नाहीत.

त्या मित्राच्या बोलण्यात जी गफलत होती ती जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये होते, म्हणून नीट सांगतो. मालकाची परताव्याची अट अख्ख्या बुकिंगसाठी असते. आपण सगळे गेलोच नाही तर तो पैसे परत देतो. एक माणूस कमी झाल्याने त्याचे घर रिकामे राहत नाही, म्हणून तो भाड्यातला एक पैसाही कमी करत नाही. गाडीही तेवढीच पळते. वाचते ते फक्त त्या माणसाचे जेवण. तेव्हा ‘मालक परत देतो’ हा मुद्दा एकट्या गळणाऱ्याला लागूच होत नाही. त्याचा घर-गाडीचा वाटा एक तर तो सोसेल, नाही तर बाकीचे सोसतील. तिसरा कोणी नाही. असलाच तर तो तुम्ही.

माझा नियम: 4 तारखेपर्यंत सांगितले तर सगळे पैसे परत, कारण विचारणार नाही. त्यानंतर गळाल्यास घर-गाडीतला वाटा परत नाही, बाकीचे परत. बदली माणूस आला आणि त्याने पूर्ण पैसे भरले तर तो वाटाही परत.

हिशेब करून बघा. बाराही जणांनी 9-9 हजार भरले आहेत आणि 15 तारखेला एक जण गळाला. त्याचा घर-गाडीचा वाटा 72 हजारांचा बारावा भाग, म्हणजे 6 हजार. तो राहिला. त्याला 3 हजार परत: दीड जेवणाचे आणि दीड शिलकीतले. आता आपल्याकडे 1 लाख 5 हजार उरले. खर्च 72 हजार आणि अकरा जणांच्या जेवणाचे साडेसोळा हजार, एकूण 88,500. उरले साडेसोळा हजार, अकरांत माणशी दीड हजार. म्हणजे तो आला असता तर प्रत्येकाला जेवढे परत मिळाले असते, तेवढेच आताही मिळाले. त्याच्या न येण्याचा भुर्दंड कोणावर पडला नाही आणि त्याच्या पैशांवर कोणी मजाही मारली नाही. हा हिशेब दाखवल्यावर माझ्याशी आजवर कोणी वाद घातलेला नाही. नुसते ‘नॉन रिफंडेबल’ म्हटले की मात्र हमखास घालतात.

जेवण देणाऱ्याने आकडा आधीच पक्का मागितला असेल, तर त्या तारखेनंतर जेवणाचे पैसेही परत नाहीत, हे अटीत लिहा.

कारणांची यादी करायला जाऊ नका. ‘आजारपण असेल तर परत’ असे लिहिले की कोणाचे आजारपण खरे, हे ठरवायला तुम्ही बसणार. मैत्री तिथे तुटते. खरोखरच कोणावर संकट आले तर बाकीचे आपखुशीने आपल्या दीड हजारांतून त्याला देऊ शकतात. आमच्या ग्रुपने एकदा तसे दिलेही. पण ती भेट झाली, हक्क नव्हे.

बदली माणसाचे पैसे गळालेल्याने परस्पर घेऊ नयेत. ते तुमच्याकडेच यावेत आणि तुमच्याकडूनच जुन्या माणसाला जावेत, नाही तर यादीत तेरा नावे आणि खात्यात बारांचे पैसे, असा घोळ होतो. आणि बदली माणूस ग्रुपला चालणारा हवा. कोणाचा तरी ऑफिसमधला ओळखीचा नको.

सहल सगळ्यांनीच रद्द केली तर मालकाकडून जेवढे परत येईल तेवढे, ज्याने जेवढे भरले त्या प्रमाणात.

निरोप असा पाठवा

पैसे मागण्याच्या आधी पाठवायचा, नंतर नाही. मी असा लिहितो:

‘माणशी 9 हजार. 2 हजार दोन दिवसांत, बाकी 7 हजार 4 तारखेला रात्री 9 पर्यंत. 4 पर्यंत नाही म्हणालात तर सगळे परत. त्यानंतर घर-गाडीचा वाटा (बारा जण असल्यास 6 हजार) परत मिळणार नाही, बदली माणूस मिळाला तर मिळेल. 4 तारखेला दहापेक्षा कमी जण असतील तर सहल रद्द, सगळ्यांना पूर्ण पैसे परत. शिल्लक सहलीनंतर वाटून. मान्य असेल तर “मान्य” लिहा, मगच पैसे पाठवा.’

‘ओके’ नाही, अंगठा नाही. ‘मान्य’ हा शब्दच टाइप करून घ्या. नंतर कोणी ‘मी वाचलंच नव्हतं’ म्हणाला तर त्याचाच शब्द त्याला दाखवता येतो.

पैसे आल्यावर

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या खात्यात जमा दिसले की यादीत टिक. पाठवताना शेऱ्यात स्वतःचे नाव लिहायला सांगा, कारण अर्धे जण बायकोच्या किंवा भावाच्या खात्यातून पाठवतात आणि रात्री अकरा वाजता तुम्ही ‘हे 7 हजार कोणाचे?’ म्हणून खात्यातले अनोळखी नाव वाचत बसता. शक्य असेल तर हे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू देऊ नका.

आठवण दोनदाच: 2 तारखेला ग्रुपवर, 4 तारखेला दुपारी थेट फोन करून. ग्रुपवर नावे घेऊन चारचौघांत मागू नका, माणूस पैसेही देत नाही आणि रुसतो. रात्री नऊ वाजता यादी बंद. मग ज्याचे 7 हजार आले नाहीत त्याचे 2 हजार त्याच रात्री परत पाठवून द्या. एकदाच असे केले तर पुढच्या सहलीला फोन करावा लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

सहलीहून आल्यावर दोन दिवसांत बिलांचे फोटो आणि शिलकीचा आकडा ग्रुपवर टाका. दीड हजार प्रत्येकाला परत पाठवा, ‘पुढच्या वेळी वापरू’ म्हणून ठेवून घेऊ नका. पुढच्या वेळी यातले चौघे नसतात.