ऋतू का बदलतात हे समजावून सांगताना या चुका टाळा

पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा, हे उत्तर देणाऱ्याला फारसा दोष देता येत नाही, कारण विस्तवाजवळ सरकले की ऊब वाढते हा प्रत्येकाचा अनुभव असतो. मात्र पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर जाते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात. उत्तर गोलार्धातला हिवाळा सूर्य जवळ असतानाच पडतो. शिवाय त्याच दिवशी दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो आणि अंतर तर दोघांनाही एकच असते.

गैरसमजाचे मूळ बहुतेक वेळा वहीतल्या आकृतीत सापडते. कक्षा तिरप्या बाजूने पाहिल्यासारखी काढण्याच्या पद्धतीमुळे ती लांबट अंड्यासारखी दिसते आणि पाहणाऱ्याला तोच तिचा खरा आकार वाटतो. कागदावर १५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ कंपासने काढावे आणि सूर्य मध्यबिंदूपासून अडीच मिलिमीटर बाजूला मांडावा. ही पृथ्वीची कक्षा जवळजवळ तंतोतंत झाली. खऱ्या लंबवर्तुळाची आखूड बाजू या मापात मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीच कमी भरते, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच ती हरवून जाते.

ऋतूंचे खरे कारण पृथ्वीच्या अक्षाचे कलणे हे आहे. ते मान्य केल्यावरही अंतराची कल्पना मागच्या दाराने परत येते. ‘सूर्याकडे कललेला गोलार्ध सूर्याच्या जवळ येतो, म्हणून तापतो’ हे वाक्य ऐकायला बरोबर वाटते, परंतु कलण्यामुळे पडणारा फरक फार तर काही हजार किलोमीटरचा असतो, आणि वर्षभरात होणाऱ्या ५० लाख किलोमीटरच्या बदलापुढे तो नगण्य आहे. उन्हाळा येतो तो किरण किती उभे पडतात आणि दिवस किती मोठा असतो यामुळे.

विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या मधोमध, ४५ अंश उत्तर अक्षवृत्तावरचे एक ठिकाण घेऊ. २१ जूनच्या सुमारास तेथे दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर येतो, तर २१ डिसेंबरच्या सुमारास तो २२ अंशांच्याही किंचित खालीच राहतो. एक चौरस मीटर जाडीचा किरणांचा झोत जूनमध्ये सुमारे १.१ चौरस मीटर जमिनीवर पडतो आणि डिसेंबरमध्ये तोच झोत २.७ चौरस मीटरवर पसरतो. त्यात जूनचे दिनमान सुमारे साडेपंधरा तासांचे आणि डिसेंबरचे पावणेनऊ तासांचे. दोन्ही गोष्टी मिळून, वातावरणाचा परिणाम बाजूला ठेवला तर, जूनच्या एका दिवसात डिसेंबरच्या जवळपास चौपट ऊर्जा मिळते. आणि हा हिशेब सूर्य जूनमध्ये अधिक दूर असतो हे धरून केलेला आहे.

पृथ्वीगोल आणि दिवा घेऊन प्रात्यक्षिक करताना हात नकळत दगा देतो. दिव्याभोवती फिरताना आपण गोलाचा वरचा ध्रुव सतत दिव्याकडे झुकलेला ठेवतो. माझ्याही हातून हे अनेकदा झाले आहे. तसे झाले तर उत्तर गोलार्धात बारमाही उन्हाळा राहील. ही चूक ओळखण्याची खूणही तीच: अर्धी फेरी झाल्यावर ध्रुव दिव्यापासून दूर कललेला दिसला पाहिजे. त्यासाठी खोलीच्या वरच्या एका कोपऱ्याला ध्रुवतारा मानावे आणि अक्षाचे टोक पूर्ण फेरीत त्याच दिशेला ठेवावे. अक्ष वर्षभरात डुलत नाही, त्याची दिशा तीच राहते. बदलते ती पृथ्वीची जागा. अक्षाचा २३.४ अंशांचा कोन कक्षेच्या प्रतलाशी नव्हे, तर प्रतलावर उभ्या केलेल्या लंबाशी मोजायचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. अन्यथा गोल जवळजवळ आडवा होतो.

उलट टोकाला जाऊन अंतराचा परिणाम शून्य असतो असे म्हणणेही बरोबर नाही. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के अधिक ऊर्जा मिळते. तरीही पृथ्वीचे सरासरी तापमान जुलैमध्येच जास्त असते, कारण तेव्हा सूर्याकडे कललेल्या उत्तर गोलार्धात जमीन अधिक आहे आणि जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. मंगळावर मात्र हा हिशेब निराळा आहे. त्याचा अक्ष सुमारे २५ अंशांनी, म्हणजे जवळजवळ पृथ्वीइतकाच कललेला असला, तरी कक्षा बरीच लांबट असल्यामुळे सर्वांत जवळ असताना त्याला सर्वांत दूर असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक ऊर्जा मिळते, आणि त्या सुमारास त्याच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, म्हणून तिथला उन्हाळा उत्तरेकडच्या उन्हाळ्यापेक्षा आखूड, पण अधिक तीव्र असतो.