अमेरिकेतील हॉटेलचे बिल मित्रांत वाटताना या चुका टाळा

अमेरिकेत मेन्यूवर छापलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो बिलात शेवटी येतो आणि टिप त्याहून वेगळी द्यावी लागते. टिपची टक्केवारी करापूर्वीच्या रकमेवर काढण्याचा रिवाज आहे, मात्र वाटणी कर मिळवून झालेल्या रकमेची करायची असते. बहुतेक गोंधळ या दोन रकमांची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

न्यूयॉर्क शहरात चार मित्र जेवले आणि त्यांच्या पदार्थांच्या किमती १८, २४, ३० व ४८ डॉलर, म्हणजे एकूण १२० डॉलर झाल्या, असे धरू. तेथील ८.८७५ टक्के दराने कर १०.६५ डॉलर होतो, २० टक्के टिप २४ डॉलर होते आणि एकूण १५४.६५ डॉलर द्यावे लागतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी की प्रत्येक जण आपल्या पदार्थाच्या किमतीत २० टक्के मिळवून पैसे काढतो. मग १४४ डॉलरच जमतात आणि कोणीतरी कमी दिले असा संशय येतो. अशा वेळी तूट मोजावी: ती बरोबर कराएवढी, म्हणजे १०.६५ असेल तर सर्वच जण कर विसरले आहेत, आणि २४ असेल तर टिप राहिली आहे.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. आधी कर मिळवून १३०.६५ केले आणि त्यावर २० टक्के काढले, तर टिप २६.१३ होते, म्हणजे २.१३ डॉलर जास्त जातात. वेटरला जास्त द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण ते ठरवून द्यावे. कार्ड यंत्रावर सुचवलेली टिप अनेकदा करासह रकमेवरच काढलेली असते, म्हणून टक्क्याशेजारची रक्कम वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

योग्य रीत सोपी आहे. एकूण देय रकमेला करापूर्वीच्या रकमेने भागावे. १५४.६५ भागिले १२० म्हणजे १.२८८७५, आणि याच संख्येने प्रत्येकाची किंमत गुणावी. त्यानुसार वाटे २३.२०, ३०.९३, ३८.६६ व ६१.८६ डॉलर येतात आणि त्यांची बेरीज तंतोतंत १५४.६५ भरते. समान वाटणी केली असती तर १८ डॉलरचे खाणाऱ्यालाही सुमारे ३८.६६ डॉलर द्यावे लागले असते, आणि असा माणूस संकोचाने बोलत नाही, म्हणून ही रीत आधीच ठरवलेली मला बरी वाटते. वाटून खाल्लेल्या पदार्थाची किंमत गुणाकारापूर्वी खाणाऱ्यांत विभागावी.

वेटरने बिल चार कार्डांवर समान फोडून दिले, तर प्रत्येक पावतीवर करासह ३२.६६ डॉलर दिसतात. तेथे टिप काढण्यापूर्वी १.०८८७५ ने भागून ३० डॉलरवर यावे आणि ६ डॉलर टिप लिहावी. गट मोठा असल्यास बिलात ‘ग्रॅच्युइटी’ या नावाने टिप आधीच लावलेली आहे का, हे मात्र कार्ड देण्यापूर्वी पाहावे, कारण ती असताना खालची टिपची ओळ पुन्हा भरली तर तेच पैसे दोनदा जातात.