शेतकरी तेच बियाणं का घेतो? मुलाखतीतून खरं कारण कसं काढावं

खरिपाच्या तोंडावर यवतमाळ, वर्धा किंवा अमरावतीतल्या कुठल्याही कृषी केंद्रात जा, कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांची भिंत उभी असते. केंद्र सरकार दरवर्षी बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत ठरवून देतं. २०२५ च्या हंगामात बीजी-२ या बीटी प्रकाराच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटासाठी ती ९०१ रुपये होती. म्हणजे छापील भाव जवळपास सगळ्यांचा सारखाच. तरीही एका कंपनीच्या पाकिटासाठी रांग लागते आणि शेजारची पाकिटं तशीच पडून राहतात. शेतकऱ्याला विचारलं, "हेच का घेतलं?" तर उत्तर ठरलेलं असतं: "उतारा चांगला हाय."

हे उत्तर खोटं नसतं, पण निवड त्यावरच झाली असेल असं नाही. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी दुकानात पायमोज्यांचे अगदी एकसारखे चार जोड ओळीनं मांडले आणि येणाऱ्यांना त्यांतला चांगला निवडायला सांगितलं. सर्वांत जास्त लोकांनी उजव्या टोकाचा निवडला. कारण विचारल्यावर मात्र 'तो उजवीकडे होता म्हणून' असं कोणीच म्हटलं नाही. 'का' विचारलं की माणूस त्या जागी शोभेल असं कारण देतो. म्हणून मुलाखतीत मत विचारायचं नाही, खरेदीची हकीकत विचारायची.

माणूस आणि वेळ निवडा. या हंगामात ज्यांनी कंपनी बदलली, त्यांच्यापासून सुरुवात करा. वर्षानुवर्षं तेच बियाणं घेणाऱ्याला सांगण्यासारखं फार आठवत नाही. बदलणाऱ्याला मात्र काहीतरी खुपलेलं असतं, म्हणून त्याला आठवतं. पेरणीच्या घाईत कोणी बोलणार नाही. त्यानंतरच्या झडीच्या दिवसांत वावरात पाय ठेवता येत नाही, तेव्हा माणूस घरी निवांत भेटतो आणि खरेदीही ताजी असते. मुलाखत कृषी केंद्रात घेऊ नका, कारण दुकानदारासमोर उधारीचा विषय निघत नाही. पारावरही नको. तिथं एक जाणता बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. घरच्या ओसरीवर बसा, आणि घरातली बाई बोलण्यात येईल अशा बेतानं बसा.

हातात वस्तू घ्या. "काका, पाकिटं अन् बिल ठेवलं असंल ना?" असं विचारा. उगवण झाली नाही तर तक्रारीला लागतं म्हणून बरेच जण दोन्ही जपून ठेवतात. बिलावर तारीख असते, दुकान असतं, आणि किती पाकिटं कोणत्या कंपनीची हेही असतं. बिल समोर आलं की 'साधारण आम्ही असं करतो' ही भाषा संपते आणि 'त्या दिवशी' सुरू होतं.

त्या दिवसापासून मागं जा. दुकानात कोणासोबत गेला होता? पैसे रोख दिले की उधार? तिथं पोहोचण्याआधी नाव ठरलं होतं का? ते नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं? आणि जुन्या बियाण्यावरून मन कधी उडालं? तारखा विचारू नका. मृग, पोळा, दिवाळी, लग्नसराई अशा खुणा दिल्या की आठवण लागते. 'का' हा शब्द शक्यतो टाळा, 'मंग काय झालं?' एवढंच पुरतं. उत्तरानंतर जरा थांबा, कारण बहुतेक वेळा पुढचं वाक्य जास्त कामाचं असतं.

राळेगाव तालुक्यातली एक मुलाखत पाहा. बिलावर पाच पाकिटं होती, तीन नव्या कंपनीची आणि दोन जुन्या कंपनीची. काकांचं पहिलं उत्तर अर्थातच उतारा.

"पण काका, उतारा पाहिला कुठं?"

"शेजाऱ्याच्या वावरात. त्याचं बोंड मोठं हाय."

"ते कवा पाहिलं?"

काका थांबले. आतून काकूंचा आवाज आला, "त्याईनं कुठं पाह्यलं? मी पाह्यलं. मी गेलती तिथं वेचाले."

मग खरी गोष्ट बाहेर आली. मागच्या दिवाळीच्या सुमारास यांच्या वावरात वेचायला बाया मिळेनात. मजुरी किलोवर असते. यांची बोंडं लहान, कापूस चिकटून निघायचा, दिवसभरात वजन भरत नसे. शेजाऱ्याच्या वावरात बोंड मोठं, कापूस एका ओढीत हातात यायचा, म्हणून बाया तिकडे वळल्या. यांना किलोमागं दर वाढवावा लागला. तरीही शेवटचा वेचा लांबला, वर पाऊस आला आणि बराच कापूस कवडी झाला. काकूंनी शेजारणीला बियाण्याचं नाव विचारून ठेवलं. जूनमध्ये ते नाव काकांनी दुकानात सांगितलं, एवढंच.

उत्तर त्याच बिलावर पारखा. वेचणी हेच कारण असेल तर पाचही पाकिटं नवी का नाहीत? हा प्रश्न अवश्य विचारा. एकाच माणसानं एकाच दिवशी दोन कंपन्यांचं घेतलं असेल, तर निवडीची कारणं तिथं शेजारी शेजारी सापडतात. काका म्हणाले, "खालचं वावर हलकं हाय. तिथं नवं काऊन टाकाव? अन् जुनं उधार भेटलं." म्हणजे ओढ वेचणीची होती, आणि अडसर दोन होते: हलक्या जमिनीची धास्ती आणि रोकड. 'उधारी नसती तर काय घेतलं असतं?' असे कल्पनेतले प्रश्न मी टाळते. अशा प्रश्नाला माणूस पुन्हा शोभणारं उत्तर देतो.

भावाबद्दल एक सावधगिरी. छापील किंमत सारखी असली तरी टंचाईत मागणीचं वाण जादा दरानं विकल्याच्या किंवा त्यासोबत दुसरा माल गळ्यात मारल्याच्या तक्रारी होतात. म्हणून प्रत्यक्ष किती मोजले आणि सोबत काय घ्यावं लागलं, हे वेगळं विचारा.

त्याच संध्याकाळी लिहा. प्रत्येक मुलाखतीसाठी चार गोष्टी पुरतात: जुन्यात काय खुपलं, नव्यात काय ओढलं, कशाची धास्ती होती, आणि सवयीनं काय धरून ठेवलं. माणसाचे शब्द आहेत तसे ठेवा. 'वेचाले बाया भेटत नाही' याचं तुम्ही 'मजूरटंचाई' केलं, की बोंडाच्या आकाराचा धागा तुटतो. हकीकती त्याच त्याच तऱ्हेनं पुन्हा येऊ लागल्या, नवीन काही निघेनासं झालं, की थांबा. एका टापूत साधारण दहा-बारा मुलाखतींत तिथवर पोहोचता येतं. मात्र काळ्या कसदार जमिनीच्या गावातलं कारण हलक्या जमिनीच्या गावाला लावू नका.

मुलाखत चुकतेय हे ओळखायचं कसं? सगळी उत्तरं विशेषणांत येत असतील, 'चांगलं', 'भरोशाचं', 'नंबर एक', आणि एकाही उत्तरात दुसरा माणूस, जागा किंवा दिवस येत नसेल, तर तुम्ही अजून मतच ऐकताय. बिलाकडे परत या.

दहा-बारा मुलाखतींवरून टक्केवारी काढू नका. कारण कोणतं ते त्यातून कळतं, किती जणांचं ते कळत नाही. त्यासाठी पुढच्या दसरा-दिवाळीत वेचणी चालू असताना जास्त घरांत दोनच प्रश्न घेऊन जा: यंदा बाया कोणाच्या वावरात आधी गेल्या, आणि तिथं बियाणं कोणतं होतं. त्यानंतरच्या जूनमध्ये त्याच घरांची बिलं पाहा. बायांनी आधी गाठलेल्या वावरातलं वाण शेजारच्या बिलांवर उतरलं असेल, तर काकूंनी सांगितलेलं कारण त्या एका घरापुरतं नाही.