अशक्त आणि रक्त कमी असलेल्या गरोदर बाईचा आहार कसा मोजावा, वजन किती वाढू द्यावे

उदाहरणासाठी इंदूरच्या एका मराठी घरातली सून धरू. उंची १५२ सेंमी, दिवस राहण्याआधीचे वजन ४१ किलो. आता सोळावा आठवडा आहे, वजन ४१.८ किलो आणि हिमोग्लोबिन ९.२. घरातले म्हणतात, ‘खाते की व्यवस्थित!’ ती खरंच किती खाते, हे कागदावर काढल्याशिवाय कळत नाही.

आधी वजनाचा आकडा ठरवा

वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. ४१ भागिले (१.५२ गुणिले १.५२) म्हणजे बीएमआय १७.७ येतो. १८.५ च्या खाली असेल तर ती बाई गरोदरपणाआधीच कमी वजनाची होती असे धरतात. अशा बाईचे वजन नऊ महिन्यांत १२.५ ते १८ किलो वाढायला हवे. ‘दहा किलो वाढले की पुरे’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

दिवस राहण्याआधीचे वजन कुणालाच आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत कार्डावर लिहिलेले वजन घ्या. तेही नसेल तर दंडाचा घेर मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप न आवळता धरायची. घेर २३ सेंमीच्या खाली असला तर तिला कमी वजनाचीच समजून चाला.

पहिल्या तिमाहीत अर्धा ते दोन किलो वाढ पुरते. त्यानंतर आठवड्याला साधारण अर्धा किलो हवी. आपल्या उदाहरणात अजून २४ आठवडे आहेत, म्हणजे १२ किलो. ती २० व्या आठवड्यात ४३.८, २८ व्या आठवड्यात ४७.८ आणि ३६ व्या आठवड्यात ५१.८ किलोच्या आसपास दिसायला हवी. या गतीने ती शेवटी ५३.८ वर पोहोचते, म्हणजे खालच्या मर्यादेच्या जेमतेम वर. आठवडे वाया घालवण्याइतकी सवड तिच्याकडे नाही.

मग कालचा दिवस विचारा

तिला एकटीला बसवून विचारा. सासूबाई किंवा नवरा शेजारी असले की ताटात काय वाढले ते सांगितले जाते, पोटात काय गेले ते नाही. सगळ्यांचे झाल्यावर जेवणाऱ्या बाईच्या बाबतीत हा फरक फार मोठा असतो.

पहिल्या फेरीत उठल्यापासून झोपेपर्यंत जे आठवेल ते मध्ये न टोकता लिहून घ्या. दुसऱ्या फेरीत सुटलेले विचारा: चहा किती कप, साखर किती, बिस्किटे, शेव, प्रसाद, पानात टाकलेले. तिसऱ्या फेरीत घरातलीच वाटी, कप आणि डाव समोर ठेवून माप घ्या. वाटीत किती पाणी मावते ते एकदा मोजून ठेवा. ‘एक वाटी वरण’ कुणाच्या घरी १०० मिली असते, कुणाच्या घरी २००. असे दोन साधे दिवस आणि एक उपासाचा किंवा सुटीचा दिवस लिहा. चतुर्थीला फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर पोट भरते, पण प्रथिने आणि लोह नावालाच मिळते.

शेवटी हळूच विचारा, माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटतो का? लाज वाटून बायका हे लपवतात. लोह कमी असल्याची ती खूण असू शकते आणि मातीमुळे लोहाचे शोषण आणखी अडते.

आपल्या सुनेचा दिवस असा निघाला: सकाळी चहा-टोस्ट, दहाला शेव घातलेले पोहे आणि चहा, दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, अर्धी वाटी वरण, अर्धी वाटी भात. पाचला चहा-बिस्किटे, रात्री दोन पोळ्या आणि भाजी. बेरीज साधारण १५०० कॅलरी आणि ३४ ग्रॅम प्रथिने. बैठे काम करणाऱ्या बाईला गरोदरपणातली ३५० ची भर धरून सुमारे २००० कॅलरी लागतात, आणि दुसऱ्या तिमाहीत ५५ ग्रॅम प्रथिने. म्हणजे रोज ५०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने कमी पडतात. वजन का हलत नाही, ते इथे दिसते.

तूट भरा, पण चहाची वेळ बदलून

पाच वाजता बिस्किटांच्या जोडीला ३० ग्रॅम शेंगदाणे आणि ३० ग्रॅम फुटाणे द्या. त्यातून २८० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारचे वरण पूर्ण वाटी करा, पोळीला चमचाभर तूप लावा, झोपताना २०० मिली दूध द्या. तूट भरून निघते. मळमळत असेल तर हेच सहा वेळांत वाटून द्या, एका ताटात कोंबू नका.

लोहाचा प्रश्न वेगळा आहे. इंदूरचे उसळ-पोहे वर लिंबू पिळून खाल्ले तर चांगलेच, कारण लिंबामुळे उसळीतले लोह जास्त शोषले जाते. पण लगेच कपभर कडक चहा घेतला की त्यातले टॅनिन लोहाला धरून ठेवते. जेवण आणि चहात किमान तासाचे अंतर ठेवा. डाळिंब आणि बीट लाल आहेत म्हणून रक्त वाढत नाही. डाळिंबात लोह अगदी थोडे असते.

हिमोग्लोबिन ९.२ म्हणजे मध्यम रक्तक्षय, आणि तो नुसत्या खाण्याने भरून येत नाही. सरकारी कार्यक्रमात अशा बाईला ६० मिलिग्रॅम लोहाच्या, फॉलिक ॲसिड असलेल्या दोन गोळ्या रोज देतात. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. कॅल्शियमची गोळी किंवा दूध लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. शौचाला काळे होणे स्वाभाविक आहे, त्याला घाबरून गोळी सोडू नका. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

दर आठवड्याला काय पाहावे

त्याच काट्यावर, सकाळी लघवी करून, हलक्या कपड्यांत वजन घ्या. महिन्याला किलोभरही वाढ नसेल तर पुन्हा कालचा दिवस विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. उलट विसाव्या आठवड्यानंतर आठवड्यात किलोहून जास्त वाढून तोंड-हात सुजले, डोके दुखू लागले तर ते पोषण नाही. त्याच दिवशी रक्तदाब तपासा.

हिमोग्लोबिन महिन्याने पाहा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. महिन्यात निदान १ ग्रॅम वाढ हवी. नसेल तर आधी गोळ्यांच्या पट्ट्या मोजा. पट्ट्या रिकाम्या असूनही वाढ नसेल तर थॅलेसेमियाचा वाहक दोष, सिकलसेल किंवा शाकाहारी बायकांत आढळणारी बी-१२ ची कमतरता, यांची तपासणी करायला सांगा. वाहक दोष निघाला तर नवऱ्याचीही तपासणी लागते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात सगळा हिशेब पुन्हा मांडा. तिसऱ्या तिमाहीत प्रथिनांची गरज ६८ ग्रॅमवर जाते, म्हणजे आणखी १३ ग्रॅम. त्यासाठी दोन अंडी, किंवा वाटीभर मटकीची उसळ आणि एक वाटी दही, जे तिच्या घरात चालते ते वाढवा.