घरून फूड मॅनेजरची परीक्षा देताय? पहिल्या प्रश्नाआधीच होणाऱ्या या चुका टाळा

न्यू जर्सीत घरच्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजून विकायची, तर 2021 पासून त्यासाठी राज्याचा कॉटेज फूड परवाना मिळतो. अर्जासोबत फूड प्रोटेक्शन मॅनेजरचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी बरेच जण सर्व्हसेफ या अन्नसुरक्षा प्रमाणपत्र कार्यक्रमाची मॅनेजर परीक्षा घरूनच देतात. 2 तास, 90 प्रश्न, त्यातले 80 गुणांसाठी धरले जातात, आणि समोर कॅमेऱ्यातून बघणारा निरीक्षक. मांस किती तापमानाला शिजवायचं, फ्रिज किती थंड ठेवायचा, हे सगळे घोकतात. पण हिरमोड होतो तो बहुतेकदा त्याआधी, ओळख तपासणीच्या दहा-पंधरा मिनिटांत.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट बघा. सर्व्हसेफची 'फूड हँडलर' आणि 'मॅनेजर' ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. फूड हँडलर स्वस्त आणि सोपं, त्यावर निरीक्षकही नसतो. म्हणून घाईत तेच घेतलं जातं आणि परवान्याच्या अर्जाला ते चालत नाही. परवाना राज्याचा असतो, म्हणून घरून दिलेली परीक्षा तुमच्याकडे ग्राह्य धरतात का, हेही आधी विचारून घ्या.

नावाचा घोळ

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. समजा, स्मिता प्रसाद जोशी. लग्नाआधीच्या स्मिता कुलकर्णी. पासपोर्ट लग्नानंतर बदललाय, त्यावर आडनाव जोशी आणि गिव्हन नेममध्ये 'स्मिता प्रसाद'. पण ईमेल जुना, त्यामुळे परीक्षेचं खातं उघडताना ब्राउझरनं आपणहून भरलेलं 'स्मिता कुलकर्णी' तसंच राहिलं. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र एका आडनावाचं आणि खातं दुसऱ्या आडनावाचं. 'लग्नानंतर बदललं हो' असं सांगून निरीक्षक ऐकत नाही, कारण नाव बदलण्याचा अधिकारच त्याच्याकडे नसतो. मॅरेज सर्टिफिकेट कॅमेऱ्यापुढे धरूनही बहुधा काही साधत नाही.

नवऱ्याचं किंवा वडिलांचं मधलं नाव खात्यात नसेल तर बऱ्याचदा चालून जातं, पण त्यावर विसंबू नका. ओळखपत्रावर जसं छापलंय तसंच नाव भरा. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असलेल्यांनी जास्त काळजी घ्यायची. अशांच्या अमेरिकन व्हिसावर पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी `FNU`, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', छापलं जातं. तेच पुढे ड्रायव्हिंग लायसन्सवर उतरू शकतं. लायसन्स दाखवणार असाल आणि त्यावर `FNU` असेल, तर खात्यातही तेच हवं, कितीही विचित्र दिसलं तरी.

आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. अभ्यासक्रमाचं खातं आणि परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या कंपनीचं खातं वेगवेगळं असू शकतं. एकात नाव दुरुस्त केलं म्हणून दुसऱ्यात आपोआप होत नाही. दोन्हीकडे बघा, आणि दुरुस्ती वेळ ठरवण्याआधीच मदत केंद्राकडून करून घ्या. त्याच खात्यात टाइम झोनही तपासा. खातं भारतात असताना उघडलं असेल, तर सकाळी 10 म्हणून निवडलेली वेळ न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घड्याळात मध्यरात्रीची निघते.

ओळखपत्र मूळ, सरकारी, फोटोचं आणि मुदत न संपलेलं लागतं. झेरॉक्स, मोबाइलमधला फोटो किंवा नवं लायसन्स येईपर्यंत मिळालेला बिनफोटोचा कागद नको. कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं की ट्यूबलाइटचा झोत नेमका नावावर चमकतो. डोक्यावरचा दिवा बंद करून खिडकीचा उजेड घ्या, कार्ड किंचित तिरकं करा आणि अक्षरं स्पष्ट होईपर्यंत स्थिर धरा.

नवऱ्याच्या ऑफिसचा लॅपटॉप

घरात तोच सगळ्यात चांगला असतो आणि या कामाला तोच सगळ्यात वाईट. परीक्षेचा ब्राउझर किंवा छोटा प्रोग्रॅम आधी उतरवून घ्यावा लागतो आणि तो निरीक्षकाला तुमचा स्क्रीन दाखवतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम टाकायची परवानगी आयटी विभागाच्या हातात, व्हीपीएन कायम चालू, आणि स्क्रीन बाहेर दाखवायला मनाई. यातलं काहीही परीक्षेच्या क्षणी सोडवता येत नाही. घरचा जुना लॅपटॉप चालेल. फोन किंवा टॅबलेट चालत नाही.

चाचणी त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच वेळेला करा. घरात दुपारी इंटरनेट सुसाट असतं आणि संध्याकाळी मुलं गेम खेळायला बसली की अडखळतं. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा. कॅमेऱ्याचं चित्र तुमच्याकडून बाहेर जातं, त्यामुळे डाउनलोड भरपूर असूनही निरीक्षकाला तुम्ही गोठलेल्या दिसू शकता. केबल लावता आली तर लावा.

मॅकवर हमखास होणारी गंमत म्हणजे कॅमेरा सुरू, आवाज सुरू, पण निरीक्षक म्हणतो स्क्रीन दिसत नाही. `System Settings` मध्ये `Privacy & Security` उघडून स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी परीक्षेच्या प्रोग्रॅमला द्यायची, आणि मग तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. हे शेवटचं केलं नाही तर परवानगी दिलेली असूनही लागू होत नाही. विंडोजवर कॅमेरा काळा दिसला तर आधी झाकणाची छोटी पट्टी सरकवलीय का ते बघा, मग झूम किंवा टीम्सनं तो धरून ठेवलाय का ते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असे दुरून लॅपटॉप चालवणारे प्रोग्रॅम काढूनच टाका. दूरवरून कोणीतरी उत्तरं देतंय, हा संशय त्यांच्यावर लगेच येतो.

स्वयंपाकघरातलं टेबल

निरीक्षक लॅपटॉप फिरवून खोली, टेबलाचा वरचा-खालचा भाग दाखवायला सांगतो. कधी आरसा धरून लॅपटॉपच्या कडाही. अभ्यास करताना फ्रिजवर चिकटवलेला तापमानांचा तक्ता आठवतोय? चिकन 165 अंश फॅरनहाइट, थंड पदार्थ 41 किंवा त्याखाली, असा? परीक्षेच्या दृष्टीनं ती कॉपीच. भिंतीवरचा किराणा-हिशेब निरुपद्रवी असला तरी चौकशीत वेळ जातो. शक्यतो बेडरूममध्ये बसा. तिथे दारही लावता येतं आणि कुकरची शिट्टीही ऐकू जात नाही.

पुटपुटत वाचायची सवय इथे महागात पडते. ओठ हलले की खोलीत कोणाशी तरी बोलताय असं वाटतं. खाली मान घालून विचार करणंही तसंच. घरच्यांना नुसतं 'डिस्टर्ब करू नका' सांगून भागत नाही. 'चहा आणू का' विचारायला कोणी दार उघडलं तरी निरीक्षक परीक्षा थांबवू शकतो.

मध्येच नेट गेलं तर

घाबरून परीक्षेची विंडो बंद करू नका, लॅपटॉप रीस्टार्ट करू नका. नेट परत येईपर्यंत जागेवरच, कॅमेऱ्यासमोर बसा. उठून राउटरपर्यंत जाणं भागच असेल, तर जोडणी परत येताच निरीक्षकाला स्वतःहून सांगा. पुरावा म्हणून फोननं स्क्रीनचा फोटो काढू नका, कारण परीक्षेत फोन हातात घेणं हाच मोठा नियमभंग ठरतो. मदत केंद्राचा नंबर आधीच घरातल्या दुसऱ्या कोणाकडे देऊन ठेवा, म्हणजे दुसऱ्या खोलीतून त्यांना फोन लावता येईल. किती वाजता तुटलं ते लक्षात ठेवा. परीक्षा अर्धवट राहिली, तर तक्रार त्याच दिवशी लेखी पाठवा आणि ती वेळ त्यात लिहा.